एनआर७ आणि इनसाइड बार: रात्री टाकलेली ऑर्डर सकाळी खरंच कोणत्या भावाला लागते?

एखादा शेअर रोज दहा-पंधरा रुपयांच्या पट्ट्यात वरखाली होत असतो आणि एके दिवशी जेमतेम सहा रुपयांत फिरून दिवस संपवतो. दिवसाच्या उच्चांकातून नीचांक वजा केला की त्या दिवसाची रेंज मिळते. आजची रेंज आज धरून शेवटच्या सात दिवसांत सगळ्यांत लहान असेल, तर त्या दिवसाला एनआर७, म्हणजे नॅरो रेंज ७, म्हणतात. चार दिवसांत लहान असेल तर एनआर४. आजचा उच्चांक कालच्यापेक्षा खाली आणि आजचा नीचांक कालच्यापेक्षा वर, म्हणजे आजची कॅंडल कालच्या पोटात बसली, तर तो इनसाइड बार. टोबी क्रॅबेल या अमेरिकन ट्रेडरने १९९० साली या रचना आकड्यांनिशी मांडल्या. त्याआधीही लोक ‘शांत दिवसानंतर मोठी हालचाल होते’ असं म्हणतच होते, पण ‘शांत’ म्हणजे नेमकं किती, हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

या सेटअपची मोठी सोय अशी की बाजार बंद झाल्यावर सगळं ठरवता येतं. साडेतीनला कॅंडल पक्की होते. रात्री यादी काढायची, आजच्या उच्चांकाच्या किंचित वर खरेदीची ऑर्डर लावून ठेवायची आणि उद्या भाव तिथे आला तरच ती लागू द्यायची. माझा मावसभाऊ ठाण्याला राहतो आणि ऐरोलीला नोकरी करतो. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा तो ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये दाराजवळ उभा असतो. अशा माणसाला पाच मिनिटांचा चार्ट बघत बसणं शक्यच नाही, म्हणून त्याला ही पद्धत आवडली. इंटरनेटवरून त्याने मागच्या आकड्यांवर चाचणी, म्हणजे बॅकटेस्टही केली आणि नफ्याची वर चढत गेलेली रेष मला पाठवली. ‘ताई, बघ ना, एवढी सरळ रेष!’ रेष खरंच सरळ होती. म्हणून मी त्याला एकच गोष्ट विचारली: तुझ्या प्रोग्रॅमने ऑर्डर कोणत्या भावाला लागली असं धरलंय?

या विषयात सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते, सेटअप ओळखताना नाही. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. शेअर काल्पनिक आहे, आकडे हिशेबापुरते.

सात दिवसांच्या रेंज अशा समजा: १४ रुपये, ११.५०, १६, १०, ११.५०, ९ आणि सातव्या दिवशी ६. सहाव्या दिवशी उच्चांक ६१३.५० आणि नीचांक ६०४.५० होता. सातव्या दिवशी उच्चांक ६११ आणि नीचांक ६०५. म्हणजे सातवा दिवस एनआर७ आहे आणि इनसाइड बारही आहे. दोन्ही अटी एकदम पूर्ण झाल्या.

आता रात्रीची ऑर्डर. ती ट्रिगर असलेली लिमिट ऑर्डर असते, म्हणजे तिच्यात दोन भाव द्यावे लागतात. ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, ६११.०५, कारण या भावपट्ट्यात किमान फरक ५ पैशांचा आहे आणि उच्चांकाला नुसता हात लावून भाव मागे फिरला तर आपल्याला आत जायचं नाही. दुसरा भाव लिमिटचा: ‘याच्या वर मी देणार नाही’ ही मर्यादा. ती ट्रिगरच्या वर पाव टक्का ठेवली तर ६१२.५५ येते. स्टॉपलॉस, म्हणजे नुकसान थांबवायला विकायचा भाव, सातव्या दिवसाच्या नीचांकाखाली, ६०४.९५ वर. एका शेअरमागे जोखीम ६.१० रुपये. दोन लाखांच्या भांडवलावर अर्धा टक्का, म्हणजे १,००० रुपये धोक्यात घालायचे ठरवले, तर १६३ शेअर येतात. खरेदीची रक्कम सुमारे ९९,६०० रुपये आणि प्रत्यक्ष जोखीम ९९४. बाहेर पडायचा नियमही आत्ताच लिहून ठेवायचा: स्टॉपलॉस लागला तर तिथे, नाहीतर खरेदीचा दिवस धरून तिसऱ्या दिवशी बाजार बंद होताना. मी फक्त खरेदीची बाजू घेतली आहे, कारण आपल्याकडे रोख बाजारात आधी विकून ती पोझिशन रात्रभर ठेवता येत नाही. भाव नीचांक फोडून खाली जातो त्या खालच्या ब्रेकआउटसाठी इंट्राडे किंवा फ्युचर्स लागतात आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आठव्या दिवशी काय काय होऊ शकतं ते पाहू.

पहिली शक्यता: भाव ६०८ ला उघडला, ६०६.५० पर्यंत खाली गेला, मग ६१७ पर्यंत चढला आणि ६१५ ला बंद झाला. खरेदी लागली, स्टॉपलॉसला धक्का नाही. यात काही वाद नाही.

दुसरी शक्यता: ६०८ ला उघडला, उच्चांक ६१३, नीचांक ६०३.५०, बंद ६०५. इथे दिवसाची कॅंडल गप्प बसते. भाव आधी वर जाऊन आपली खरेदी लागली आणि मग खाली येऊन स्टॉपलॉस उडाला? की सकाळी आधी ६०३.५० पर्यंत घसरला, मग दुपारी ६११.०५ ओलांडून खरेदी लागली आणि शेवटी ६०५ ला बंद झाला? पहिल्या मार्गाने पूर्ण नुकसान पक्कं झालं. दुसऱ्या मार्गाने पोझिशन अजून जिवंत आहे, कारण ६०५ हा बंद भाव स्टॉपलॉसच्या ५ पैसे वर आहे. उच्चांक, नीचांक, उघडता आणि बंद भाव या चार आकड्यांवरून यांतला कुठला मार्ग झाला ते सांगता येत नाही. तरीही प्रोग्रॅम काहीतरी धरतोच आणि घाईत लिहिलेला प्रोग्रॅम बहुतेक वेळा आपल्या फायद्याचं धरतो. एनआर७ मध्ये हा प्रश्न इतर सेटअपपेक्षा जास्त येतो, कारण ट्रिगर आणि स्टॉपलॉस यांच्यातलं अंतरच कमी असतं. सहा रुपयांची कुंपणं दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी ओलांडणं अवघड नसतं.

यावर उपाय आहे, तो फक्त कंटाळवाणा आहे. अशा प्रत्येक दिवशी आधी नुकसान झालं असंच धरायचं, आणि असे दिवस किती आले ते वेगळं मोजायचं. मग उलट गृहीत धरून एकदा चालवायचं. दोन्ही निकाल जवळपास सारखे आले तर काळजी नाही. एका गृहीतकाने नफा आणि दुसऱ्याने तोटा दिसत असेल, तर दिवसाच्या आकड्यांवर हा प्रश्न सुटणार नाही. त्या दिवसांपुरता पाच मिनिटांचा डेटा आणावाच लागेल.

तिसरी शक्यता गॅपअपची: भाव थेट ६१६ ला उघडला. मावसभावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘उच्चांक ट्रिगरच्या वर गेला की ट्रिगरच्या भावाला खरेदी’ अशी एक ओळ होती. म्हणजे ६१६ ला उघडलेल्या शेअरमध्ये त्याला ६११.०५ ला खरेदी मिळाली, शेअरमागे ४.९५ रुपये आयते. ६.१० रुपयांच्या जोखमीशी तुलना केली तर हा ०.८ पट नफा झाला, आणि तोही व्यवहार सुरू व्हायच्या आधीच. अशा थोड्या नोंदी आल्या तरी रेष वर चढते.

खऱ्या बाजारात काय झालं असतं? सकाळी नऊला बाजार उघडण्याआधीचं प्री-ओपन सत्र सुरू होतं, पण तिथे ट्रिगरच्या ऑर्डर घेतल्या जात नाहीत. रात्री ब्रोकरकडे टाकून ठेवलेली ऑर्डर सव्वानऊला बाजारात जाते. भाव ६१६ असल्यामुळे ट्रिगर लगेच लागतो आणि ऑर्डरची साधी लिमिट ऑर्डर होते: ६१२.५५ किंवा त्याखाली मिळाला तरच घ्या. भाव त्याच्या वर आहे, म्हणून ती तशीच पडून राहते. पुढे दोन गोष्टी संभवतात. शेअर ताकदीचा असेल, ६१४ च्या खाली आलाच नाही आणि ६३० ला गेला, तर आपल्याला काहीच मिळालं नाही. शेअर ढेपाळला आणि ६१२.५५ पर्यंत खाली आला, तर मात्र आपली खरेदी लागली, आणि तीसुद्धा भाव पडत असताना. म्हणजे चांगले गॅप आपल्याशिवाय निघून जातात आणि वाईट गॅप पदरात पडतात. हे चाचणीत उतरलंच पाहिजे. उघडता भाव ट्रिगरच्या खाली असेल आणि उच्चांक ट्रिगरपर्यंत गेला तर ट्रिगरला खरेदी. ट्रिगर आणि लिमिटच्या मध्ये असेल तर उघडत्या भावाला. लिमिटच्या वर असेल तर नीचांक लिमिटखाली आला तरच लिमिटला खरेदी, नाहीतर त्या दिवशी व्यवहार नाही.

मला याहून सोपा नियम आवडतो: लिमिटच्या वर उघडला तर त्या दिवशी नाद सोडायचा. प्री-ओपनचा भाव सव्वानऊच्या आधी काही मिनिटं कळतो, तेवढ्या वेळात फोनवर ऑर्डर रद्द करता येते. पण चाचणीत एक नियम आणि लोकलमध्ये दुसरा, असं चालणार नाही. गाडीत हात मोकळा नसेल, नेटवर्क नसेल, तर ऑर्डर रद्द होणार नाही. मग चाचणीतही ‘रद्द होत नाही’ असंच धरायचं. स्टॉपलॉसचंही तेच आहे. काही ब्रोकर खरेदी लागल्याबरोबर स्टॉपलॉस आपोआप टाकायची सोय देतात, काही देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एक वाजता स्टॉपलॉस टाकणार असाल, तर सकाळी साडेदहाला तो ६०४.९५ ला लागला असं कागदावर लिहिता येणार नाही.

कोडमध्ये सेटअप ओळखणं चार-पाच ओळींचं काम आहे:

```python
rng = df["High"] - df["Low"]
nr7 = rng == rng.rolling(7).min()
inside = (df["High"] < df["High"].shift(1)) & (df["Low"] > df["Low"].shift(1))
setup = (nr7 & inside).shift(1, fill_value=False)
trigger = (df["High"] + 0.05).shift(1)
```

यातले शेवटच्या दोन ओळींतले `shift(1)` कळीचे आहेत. आजच्या ओळीत कालचा सेटअप आणि कालच्या उच्चांकावरून काढलेला ट्रिगर आला पाहिजे. ते विसरलं तर प्रोग्रॅम साडेतीनला पक्की होणारी कॅंडल सकाळी सव्वानऊलाच पाहतो, आणि आजचा उच्चांक ट्रिगरपर्यंत कधीच पोचत नसल्यामुळे एकही खरेदी लागत नाही; तेवढ्यावरूनच चूक ओळखावी. दुसऱ्या ओळीत दोन दिवसांची रेंज सारखी असली तरी एनआर७ धरलं जातं. ते धरायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

आता खर्च. अरुंद रेंजची गोडी अशी की स्टॉपलॉस जवळ असतो. त्याच अरुंदपणामुळे तेवढ्याच जोखमीत शेअरची संख्या वाढते, आणि कर जोखमीवर नाही तर उलाढालीवर लागतो. शेअर खात्यात घेऊन ठेवले, म्हणजे डिलिव्हरी घेतली, तर एसटीटी हा व्यवहारावरचा कर खरेदीला ०.१ टक्के आणि विक्रीला ०.१ टक्के, शिवाय खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क. ९९,६०० रुपयांच्या व्यवहारावर एवढंच मिळून सुमारे २१५ रुपये होतात. जाता-येता प्रत्येकी २५ पैसे वाईट भाव मिळाला असं धरलं, तर १६३ शेअरवर आणखी सुमारे ८० रुपये. एकूण जवळजवळ ३०० रुपये, तेही ९९४ रुपयांच्या जोखमीवर. म्हणजे प्रत्येक व्यवहारात जोखमीच्या ०.३ पट रक्कम आधीच गेली. जिंकलो तर जोखमीच्या दीडपट आणि हरलो तर एकपट, असा साधा हिशेब धरला तर खर्चाशिवाय बरोबरीत यायला १०० पैकी ४० वेळा जिंकावं लागतं. खर्च धरला की ५२ वेळा. त्याच दिवशी स्टॉपलॉस लागला तर व्यवहार इंट्राडे ठरतो आणि कर कमी बसतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येईल. तरी फरक केवढा आहे ते ध्यानात घ्या. रेंज जितकी अरुंद, तितका हा भार जड. मला विचाराल तर बंद भावाच्या एक टक्क्यापेक्षा लहान रेंज असलेले सेटअप डिलिव्हरीत घेण्यात फारसा अर्थ नाही. आपलं उदाहरण तर या रेषेवरच आहे.

भाव आणि खर्च नीट धरल्यावर मूळ प्रश्न उरतो: एनआर७ मुळे खरोखर काही फरक पडतो का?

इथे एक भ्रम फार सहज होतो. ‘एनआर७ नंतरच्या दिवशी रेंज वाढते’ हे वाक्य तपासलं तर ते बहुतेक वेळा खरं निघतं, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. सात दिवसांतला सगळ्यांत लहान दिवस आपणच निवडून काढला आहे, मग पुढचा दिवस त्याच्यापेक्षा मोठा असणं साहजिकच आहे. तुलना करायची तर पुढच्या दिवसाच्या रेंजची शेवटच्या वीस दिवसांच्या सरासरी रेंजशी करायला हवी. शांत दिवस घोळक्याने येतात आणि वादळी दिवसही घोळक्याने येतात, हा बाजाराचा जुना स्वभाव आहे. त्यामुळे एनआर७ नंतरचा दिवस सरासरीपेक्षा लहानच राहिला, असंही पुष्कळदा दिसेल. आणि रेंज वाढली तरी ती वर वाढेल की खाली, याबद्दल ही रचना काहीही सांगत नाही. दिशा फक्त ब्रेकआउट सांगतो.

म्हणून मी मावसभावाला एक साधी जोड चाचणी करायला सांगितली. एनआर७ ची अट काढून टाक. रोज, प्रत्येक शेअरमध्ये, कालच्या उच्चांकाच्या ५ पैसे वर खरेदी, तिसऱ्या दिवशी बंद भावाला विक्री, खर्च तोच. हा झाला पाया. आता फक्त एनआर७ आणि इनसाइड बारच्या दिवसांचा निकाल त्याच्या शेजारी ठेव. ब्रेकआउटची खरेदी चढत्या बाजारात तशीही बरी दिसते. सेटअपचं श्रेय तेवढंच, जेवढं पायाच्या वर उरेल. ही तुलना करताना नफा टक्क्यांत मोजायचा, जोखमीच्या पटीत नाही. अरुंद कॅंडलची जोखीम लहान, म्हणजे भागाकारात खालचा आकडा लहान. त्यामुळे तोच दोन टक्के नफा एनआर७ मध्ये दुप्पट आणि रुंद कॅंडलमध्ये पाऊणपट दिसतो, आणि सेटअप उगाच भारी वाटतो.

संख्येबद्दलही सावध राहायला हवं. सात दिवसांतला कुठलाही दिवस सगळ्यांत लहान असण्याची शक्यता सारखी धरली, तर एनआर७ साधारण सातांत एकदा येतो. ५० शेअरच्या यादीत रोज सरासरी सात. प्रत्यक्षात ते असे वाटून येत नाहीत. बाजार थंड असला की एका रात्री पंधरा-वीस नावं येतात आणि मग आठवडाभर शुकशुकाट. आपल्या उदाहरणात एकाच व्यवहाराने अर्धं भांडवल अडवलं, म्हणजे वीसपैकी दोनच घेता येतील. कोणते दोन, हे नियमात नसेल तर निकाल म्हणजे तुमची निवड, सेटअप नव्हे. आणि एकाच सकाळी निफ्टीसोबत उसळलेले वीस शेअर म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. ते एका दिवसाचं एकच निरीक्षण समजावं. चाचणीत दोन हजार व्यवहार असले तरी वेगवेगळे दिवस किती, हा आकडा आधी बघा.

डेटातल्या दोन गोष्टी खास आपल्याकडच्या आहेत. पहिली दिवाळीची. मुहूर्ताचं ट्रेडिंग तासाभराचं असतं. २०२४ साली ते १ नोव्हेंबरला संध्याकाळी सहा ते सात होतं आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. एका तासाची रेंज सव्वासहा तासांच्या रेंजपेक्षा लहान असणारच, त्यामुळे त्या दिवशी यादी खोट्या एनआर७ ने भरून जाते. एवढ्यावर थांबत नाही. ती चिमुकली कॅंडल पुढची सहा सत्रं सात दिवसांच्या खिडकीत बसून राहते आणि तेवढे दिवस खरा एनआर७ आला तरी ओळखू देत नाही. मुहूर्ताची आणि शनिवारच्या छोट्या खास सत्रांची कॅंडल मोजणीतून आधीच काढून टाकावी. मार्च आणि मे २०२४ मध्ये अशी शनिवारची सत्रं झाली होती. दुसरी गोष्ट बोनस आणि स्प्लिटची. एकास एक बोनसनंतर भाव अर्धा होतो, तशी रेंजही अर्धी होते, आणि भाव समायोजित केलेले नसतील तर बोनसनंतरचा पहिलाच दिवस एनआर७ म्हणून समोर येतो.

शेअरची यादीही त्या त्या वेळची हवी. आजची निफ्टी ५० ची यादी घेऊन २०१५ पासून चाचणी केली, तर टिकून राहिलेल्या कंपन्यांचीच परीक्षा घेतल्यासारखं होतं. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टी ५० मधून बाहेर पडली. त्याआधीच्या घसरणीत तिच्यातही अरुंद कॅंडल आल्या असतील, ब्रेकआउट झाले असतील, आणि आजच्या यादीत ते कुठेच दिसणार नाहीत.

मावसभावाने गॅपचा भाव आणि खर्च दुरुस्त करून पुन्हा चालवलं, तेव्हा सरळ रेष पार सपाट झाली. मग त्याला सुचू लागलं: एनआर७ ऐवजी एनआर५ घेऊ का, तिसऱ्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी विकू का, २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असलेलेच शेअर घेऊ का. शेवटच्या सुधारणेला निदान कारण तरी आहे. बाकीच्या नुसत्या आकड्यांच्या फेरफारी. वीस प्रकार करून पाहिले की एखादा नशिबाने चांगला निघतोच. म्हणून आम्ही २०१९ पासूनचा डेटा बाजूला काढून ठेवला. फेरफार करायचे ते त्याच्या आधीच्या वर्षांवर, प्रत्येक प्रकाराची वहीत नोंद, आणि शेवटी एकच प्रकार निवडून बाजूच्या डेटावर फक्त एकदा चालवायचा. तिथे तो पडला तर डेटा बघून तो पुन्हा सुधारायचा नाही. तसं केलं की बाजूचा डेटाही सरावाचाच होऊन बसतो.

आता तो अगदी थोड्या शेअरची खरी ऑर्डर लावतो आणि प्रत्येक ऑर्डरसमोर चार रकाने भरतो: रात्री ठरवलेला ट्रिगर, सकाळचा उघडता भाव, प्रत्यक्ष लागलेला भाव, आणि ऑर्डर न लागता भाव निघून गेला असेल तर दिवसाचा बंद भाव. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातला सरासरी फरक चाचणीत धरलेल्या २५ पैशांपेक्षा जास्त निघाला, तर चाचणी तो आकडा घालून नव्याने चालवायची. न लागलेल्या ऑर्डरचे शेअर लागलेल्यांपेक्षा सातत्याने जास्त चढत असतील, तर लिमिट फार जवळ ठेवली आहे. मग पाव टक्क्याऐवजी अर्धा टक्का घेऊन, जास्त भाव देण्याचा खर्च वाढवून, २०१९ च्या आधीच्या वर्षांवर पुन्हा हिशेब मांडायचा.